रंग लाल हवा, पण हळदीत चुना नको!

«घरच्या घरी १०० टक्के नैसर्गिक लाल रंग! हळदीत खायचा चुना कालवा, पाणी घाला, पिचकारीत भरा. चुना आपण पानातून खातो, मग अपाय कसला? डोळ्यात गेलाच तर गुलाबपाणी घाला. रंग निघेना तर लिंबू आणि खायचा सोडा चोळा. खेळण्याआधी अंगाला तेल लावा. सगळ्या ग्रुपवर पाठवा!»

धुळवडीच्या तोंडावर हा मेसेज आईच्या फोनवर आला आणि तिने तो नातवंडांसाठी जपूनही ठेवला. म्हणून हे घाईने लिहितोय. रंग खेळा, भरपूर खेळा, फक्त ही कृती तेवढी पुसून टाका.

हळदीत चुना घातला की लाल रंग येतो, हे खरं आहे. शर्टावरचा आमटीचा पिवळा डाग साबण लावताच लाल होतो, त्यातलाच हा प्रकार. हळदीतलं कर्क्युमिन साबण, चुना अशा अल्कलीत लाल होतं. पण याचाच अर्थ, रंग लाल आहे तोवर त्यात अल्कली शिल्लक आहे. लिंबू पिळून तिचा जोर मारलात, की पाणी पुन्हा पिवळं. म्हणजे चुना घालून रंग लालही ठेवायचा आणि चुन्याचा त्रासही नको, हे जमणारच नाही.

आता «पानातून खातो» याचं. पानाला चुना बोटाच्या टोकाने लावतात, आणि तेवढ्यातही जास्त झाला तर तोंड भाजतं. चुन्याच्या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणजे ती तीव्र अल्कली आहे. आम्ल डोळ्यात गेलं तर वरची प्रथिनं साकळतात आणि त्या थराने ते बऱ्याचदा पुढे जायचं थांबतं. अल्कली पेशींच्या आवरणातली चरबी विरघळवते आणि आत शिरत राहते, त्यामुळे बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा कायमचा पांढुरका होऊ शकतो. शिवाय चुन्याचे कण वरच्या पापणीखाली अडकून बसतात आणि तिथे विरघळत राहतात. दिल्लीच्या एम्समधल्या नेत्रतज्ज्ञांनी २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात चुन्याच्या पुड्यांबद्दल इशारा दिला होता. पुडी दाबताना चुना उडून डोळ्यात जातो, म्हणून. पिचकारीने तर आपण तो नेम धरून उडवणार!

गुलाबपाणी अजिबात नको. दूध, मध, तूपही नको, आणि चुना मारायला म्हणून लिंबू तर मुळीच नको. डोळा चोळू नका. लेन्स सहज निघत असेल तर काढा, पण त्यासाठी पाणी थांबवू नका. मान त्या डोळ्याच्या बाजूला वळवा, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. दोन्ही पापण्या बोटांनी उघड्या धरून स्वच्छ पाण्याची बारीक, सतत धार सोडा. साधा रंग असेल तर १५ मिनिटं, चुना असेल तर निदान ३० मिनिटं, आणि मग लगेच नेत्ररुग्णालय. तिथे पापणी उलटून कण काढतात, ते घरी होत नाही. एक चकवा लक्षात ठेवा: चुन्याने डोळा जास्त भाजला, की रक्तवाहिन्या बंद पडून तो लाल न होता पांढराफटक दिसू शकतो. «लाल नाही, म्हणजे ठीक आहे» असं समजून घरी बसू नका.

लिंबू-सोड्याने चोळलं की त्वचा खरचटते, आणि लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं तर काळे डाग पडून आठवडेच्या आठवडे राहतात. एवढं पुरे.

तेलाचं मात्र बरोबर लिहिलंय, मान्य. खेळण्याआधी अर्धा तास खोबरेल तेल लावा, कानामागे, मानेवर आणि नखांभोवतीही, पण पापण्यांच्या कडा सोडून. नंतर रंग काढतानाही आधी तेलाचं बोट फिरवा, मग सौम्य साबण आणि कोमट पाणी. एका अंघोळीत सगळा निघाला नाही तरी चालेल.

लाल-गुलाबी रंग हवा ना? मग एक मोठं बीट किसून लिटरभर गार पाण्यात दोन तास ठेवा, पिळा आणि सुती कापडातून दोनदा गाळा, नाहीतर चोथा पिचकारीत अडकतो. उकळू नका, रंग तपकिरी होत जातो. थोडं लिंबू पिळलं तर गुलाबी रंग टिकतो, पण डोळ्यात झोंबू नये म्हणून दोन-चार थेंबच पुरेत. केशरीसाठी दोन मुठी सुकी पळसफुलं दोन लिटर गरम पाण्यात रात्रभर भिजवा. त्यातही चुना घालायला सांगतात, तो नको. पिवळसर केशरी येईल, छानच दिसतो.

कुणी आयता लाल रंग दिला तर चमचाभर वाटीत घेऊन त्यात लिंबू पिळा. पिवळा झाला, तर तो हळद-चुन्याचा आहे. पिचकारीत भरू नका.