एका ओळीचे वसुली पत्र

“आपणाकडून टूर ॲडव्हान्सपोटी रु. 12,750 येणे असून ते सात दिवसांत न भरल्यास पुढील पगारातून एकरकमी कापून घेण्यात येतील.” शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत काम करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला गेल्या आठवड्यात मिळालेले पत्र एवढेच आहे. शिपायाने ते भर शॉपमध्ये, सगळ्यांच्या देखत त्याच्या हातात दिले. संध्याकाळी घरी येऊन तो मला म्हणाला, “दादा, मी पैसं खाल्लं असं म्हणायचंय काय ह्यांना?” तेव्हापासून माझ्या डोक्यातली आग शमलेली नाही. मी स्वतः वीस वर्षे एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये आहे, अशी पत्रे मीही लिहिली आहेत, आणि म्हणूनच सांगतो की ज्या पत्रात आकडा आहे पण तो कुठून आला हे नाही, त्याला मागणीपत्र म्हणता येत नाही.

भाऊ फेब्रुवारीत कास्टिंगच्या तक्रारीसाठी कोइमतूरला गेला होता. उचल 40,000 रुपयांची होती. परत आल्यावर पाचव्या दिवशी त्याने 33,600 रुपयांचे बिल दिले, 2,000 रुपये रोख भरले आणि कॅशियरची सही असलेली पावती घेतली. उरलेले 4,400 रुपये देणे लागतो, हे तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता. मग 12,750 कुठून आले? पत्रात नाही म्हणून आम्ही दोघे रात्री बारापर्यंत आकडेमोड करत बसलो. लॉजची मर्यादा रात्रीला 1,800 रुपये असताना खर्च 2,400 झाला म्हणून सहा रात्रींचे 3,600 रुपये नामंजूर केले आहेत. पावती नाही म्हणून रिक्षाचे 2,750 रुपयेही कापले आहेत. म्हणजे मंजूर खर्च 27,250 झाला आणि 40,000 मधून तो वजा केला की बरोबर 12,750 उरतात. याचा सरळ अर्थ असा, की भावाने रोख भरलेले 2,000 रुपये त्याच्या खात्यावर जमाच धरलेले नाहीत! ज्या पैशांची पावती कंपनीनेच फाडून दिली, तेच पैसे कंपनी पुन्हा मागते आहे.

रिक्षाच्या पैशांबाबत कंपनीचे म्हणणे मला मान्य आहे. पावती नसेल तर नियमाने तो खर्च मिळत नाही आणि भावाने तेव्हाच लिहून ठेवायला हवे होते. परंतु लॉजच्या वाढीव दराला त्याच्या मॅनेजरने निघण्यापूर्वीच ई-मेलवर मंजुरी दिली होती आणि त्या मेलची प्रत बिलाला जोडलेली होती. ती कोणी उलटून पाहिली नाही. खरे येणे 7,150 रुपये आहे. उचल कोणत्या तारखेला व कोणत्या व्हाउचरने दिली, बिलातील कोणती रक्कम कोणत्या नियमाने नामंजूर झाली आणि जमा किती आली, एवढ्या चार ओळी पत्रात असत्या तर ही चूक टाइप करणाऱ्यालाच दिसली असती.

सर्वांत जास्त संताप मला त्या ‘एकरकमी’ शब्दाचा येतो. भावाचा पगार 23,500 रुपये असून भविष्य निर्वाह निधी आणि पतसंस्थेचा हप्ता मिळून 5,300 रुपये आधीच कापले जातात. त्यात 12,750 कापले तर महिनाभर घर चालवायला 5,450 रुपये उरतील. उचल पगारातून वसूल करण्याचा अधिकार कंपनीला आहे, याबद्दल वाद नाही. पण एका महिन्यातील सगळी कपात मिळून पगाराच्या 50 टक्क्यांवर जाता कामा नये, असे 2019 ची वेतन संहिता सांगते, आणि इथे निम्मा पगार 11,750 रुपयेच होतो. पत्र लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्याने ते लिहायलाच बसू नये, आणि ठाऊक असूनही लिहिले असेल तर ती निव्वळ धमकी आहे.

परतफेडीचे मार्ग लिहायला असा किती वेळ लागतो? एकदम भरायचे असल्यास कोणत्या खात्यात व कोणत्या तारखेपर्यंत, हप्ते हवे असल्यास किती आणि कोणत्या महिन्यापासून, मंजूर होऊन पडलेले दुसरे एखादे बिल असल्यास त्यातून वळते करायचे का, आणि हिशेब मान्य नसल्यास कोणाकडे किती दिवसांत लेखी कळवायचे. मी लिहिलेल्या प्रत्येक पत्रात हे असते आणि खाली कर्मचाऱ्याच्या संमतीच्या सहीसाठी जागा असते.

भावाने परवा पावती आणि मेलची प्रत जोडून लेखी उत्तर दिले, 7,150 रुपये मान्य केले आणि 2,400, 2,400 व 2,350 असे तीन हप्ते मागितले. पोच मागितली तर खिडकीतून उत्तर आले, “सिस्टीमला बारा हजार सातशे पन्नासच दिसतंय.” पाच महिने बिल दाबून ठेवणाऱ्यांनी आम्हाला सात दिवस दिले आहेत, आणि त्यांतले चार संपले तरी त्या 2,000 रुपयांची नोंद शोधायला कोणी रजिस्टर उघडलेले नाही.