शब्द बहिणाबाईंचे मोकळे झाले, चाल आणि कॅसेट नाही

"डॉक्युमेंटरी फक्त फेस्टिव्हल आणि कॉलेजात दाखवायची असेल, तिकीट नसेल, तर गाण्याची परवानगी लागत नाही. 30 सेकंदांपर्यंत कुठलंही गाणं चालतं. बहिणाबाईंची गाणी तर आता सगळ्यांचीच आहेत. नाव दिलं की झालं."

हा मेसेज भुसावळच्या माझ्या भाचीकडे आला आणि तिने शेतमजूर बायांवरच्या आपल्या फिल्मच्या शेवटी नव्वदच्या दशकातल्या कॅसेटमधलं गाणं 25 सेकंद लावलं. एडिट पक्कं व्हायला दोन दिवस उरले असताना मला कळलं. म्हणून हे रागानेच लिहितेय.

बहिणाबाईंचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तोच सगळ्यात जास्त फसवतो. त्या 1951 साली गेल्या, कविता पुस्तकरूपाने आल्या 1952 साली. कॉपीराइट कायद्याचं कलम 24 सांगतं की लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या साहित्याचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. म्हणजे 2012 संपलं आणि शब्द मोकळे झाले. पण कॅसेटमध्ये नुसते शब्द नाहीत. चाल संगीतकाराची, तिचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. ध्वनिमुद्रण कॅसेट कंपनीचं, ते प्रकाशनानंतर 60 वर्षं. 1995 ची कॅसेट 2055 संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीची आहे.

30 सेकंदांचा आकडा कायद्यात कुठेच नाही. कलम 52 मध्ये समीक्षेसाठी सवलत आहे, हे मान्य. फिल्म त्या गाण्याचीच चिकित्सा करत असती तर वाद घालता आला असता. शेवटी वातावरणासाठी लावलेल्या गाण्याला ती लागू करणं कठीण आहे. नाव देणं ही परवानगी नव्हे.

"फक्त फेस्टिव्हल" हेही तपासा. प्रवेश अर्जात बहुधा लिहून घेतात की सगळे हक्क घेतलेले आहेत, आणि तक्रार आली तर जबाबदारी निर्मात्याची. सभागृहाकडे संगीताचा परवाना असला तरी तो तिथल्या वादनापुरता. गाणं फिल्ममध्ये जोडायला वेगळी परवानगी लागते, तिला सिंक म्हणतात. चाल आणि ध्वनिमुद्रण, दोन्हींसाठी. फेस्टिव्हलपुरता परवाना स्वस्त पडतो, पण कॉलेज, संग्रहालय, संस्थांचे कार्यक्रम त्यात आपोआप येत नाहीत. पहिल्याच पत्रात फेस्टिव्हल आणि संस्था, दोन्हींचे परवाने मागायचे, किती सेकंद, किती वर्षं, कोणते देश ते लिहायचं, आणि पुढे ओटीटीला गेली तर किती पैसे, तेही तेव्हाच ठरवून घ्यायचं.

भाचीकडे तेवढा वेळ नव्हता. तिने कॅसेटमधलं गाणं काढून टाकलं. फिल्ममधल्याच एका आजीने जात्यावरच्या पारंपरिक चालीत तेच शब्द गायले. सिनेमाची चाल नको, हे आधी बजावलं होतं. गाणाऱ्यालाही कायद्याने 50 वर्षं हक्क असतो, म्हणून फेस्टिव्हल, संस्था आणि ऑनलाइन अशा तिन्ही ठिकाणांसाठी तिची लेखी संमती घेतली. कागद लेवा बोलीत वाचून दाखवला, मानधन दिलं, मगच सही घेतली.