फुटेजमध्ये 'टेहळणी' कुठे दिसते?

"सीसीटीव्ही रिपोर्ट लिहिताना घाबरू नका. टेहळणी केली, चोरी केली, पळाला, असं सरळ लिहा. क्लिप स्लो करून बघा, हेतू लगेच कळतो. स्क्रीनवरची वेळ आणि कपड्यांचा रंग म्हणजे पक्का पुरावा. रिपोर्ट छोटा ठेवा."

हा फॉरवर्ड माझ्या भाच्याने मनावर घेतला. तो एका सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. पार्किंगमधून स्कूटरची बॅटरी गेली आणि त्याने लिहिलं, "पांढऱ्या शर्टातील इसमाने टेहळणी करून बॅटरी चोरली व पळ काढला." शेवटी त्याच्या शेजारी बसून मीच ती क्लिप पाहिली. तिच्यात दिसतं ते एवढंच:

"२३:१४:०९ – एक व्यक्ती रॅम्पवरून आत येते, खांद्यावर पिशवी. २३:१४:३१ – खांबाआड जाते. २३:१५:०९ – खांबाआडून एक व्यक्ती पिशवी घेऊन बाहेर येते, चालत रॅम्पकडे जाते. स्कूटर चित्रात दिसत नाही."

पळाला कुठे? चालतोय की! आणि मधले ३८ सेकंद कॅमेऱ्याला काहीच दिसलेलं नाही. बाहेर आलेला माणूस तोच होता, हेसुद्धा अनुमानच. म्हणून 'एक व्यक्ती' असं पुन्हा लिहायचं. चाल, पिशवी जुळत असेल तर काय जुळतं ते वेगळं नोंदवायचं.

स्लो करून हेतू कळतो, हे तर उलटंच आहे. 'पीएनएएस' या नियतकालिकात २०१६ साली यावर प्रयोग छापून आले: तेच दृश्य संथ दाखवलं की बघणाऱ्यांना कृती जास्त हेतुपुरस्सर वाटते, कारण त्या माणसाला विचार करायला जास्त वेळ मिळाला असा भास होतो. पडद्यावर खरी वेळ दाखवूनही तो भास पुरता जात नाही. हात कुठे गेला ते बघायला स्लो करा, मनात काय होतं ते ठरवायला नको.

रंगाचं थोडक्यात. रात्री कॅमेरा इन्फ्रारेडवर जातो, चित्र काळं-पांढरं होतं आणि काही गडद कापडंही फिकट दिसतात. 'चित्रात फिकट दिसणारा शर्ट', बस.

वेळेने मात्र खरा घात केला. गेटच्या रजिस्टरमध्ये २३:१२ ला एका डिलिव्हरीवाल्याची नोंद होती, म्हणून संशय त्याच्यावर. मी कॅमेऱ्याचं फुटेज साठवणाऱ्या डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी ताडून पाहिलं, ते सात मिनिटं पुढे! म्हणजे क्लिपमधला माणूस साधारण २३:०७ चा, तेव्हा त्या पोराची गेटवर नोंदच नव्हती. अर्थात रजिस्टरची वेळ गार्डने कुठल्या घड्याळावरून लिहिली, तेही विचारावं लागतं. क्लिपवरची वेळ बदलायची नाही. फरक आणि तो कधी तपासला ते रिपोर्टमध्ये लिहायचं.

छोटा ठेवा, हे कबूल. हात बॅटरी काढताना स्वच्छ दिसत असेल तर 'बॅटरी काढली' असंच लिहा, तिथे 'बहुधा' घुसडू नका. पण ती बॅटरी त्याचीच होती की दुसऱ्याची, ते क्लिप सांगत नाही. ते स्कूटरच्या मालकाला विचारायचं.