मरून स्वेटर, गव्हाळ चेहरा आणि ग्रे कार्ड

“मॉनिटर कॅलिब्रेशन आणि ग्रे कार्ड ही सगळी विकणाऱ्यांची फॅडं आहेत. गिऱ्हाईक फोटो मोबाईलवर बघतं, प्रत्येकाच्या मोबाईलचा रंग वेगळा, मग आपला मॉनिटर बरोबर असून फरक काय पडतो? कॅमेऱ्याचा ऑटो व्हाईट बॅलन्स आता हुशार झालाय. नाहीच जमलं तर पांढऱ्या शर्टवर क्लिक करा. शेवटी आपल्या मोबाईलवर एकदा बघून घ्या, बास.”

हा मेसेज सोलापुरातल्या फोटोवाल्यांमध्ये सारखा पुढं ढकलला जातोय. लग्नाच्या अल्बममध्ये एक वेळ खपून जाईल. पण आपल्याकडं गणवेशाचं काम मोठं, आणि गणवेशाच्या कॅटलॉगमध्ये मरून रंग लालभडक दिसला की शाळेची ऑर्डर अडते, कारखानदार आधी फोटोवाल्याला फोन लावतो. म्हणून उदाहरण तिथलंच घेतो: पांढरा शर्ट, मरून स्वेटर, नेव्ही ब्लू पँट घातलेला गव्हाळ रंगाचा मुलगा, शेडच्या उघड्या शटरजवळ उभा.

आधी स्क्रीनचं बघू. मोबाईल वेगवेगळे असतात हे खरंच आहे. पण कुणाचा जरा निळा, कुणाचा जरा पिवळा, असे ते दोन्ही बाजूंना विखुरलेले असतात. तुमच्या मॉनिटरची चूक मात्र एकाच बाजूची असते आणि ती फाईलमध्ये कायमची जाऊन बसते. समजा तुमचा मॉनिटर निळ्याकडं झुकलाय. मुलाचा चेहरा तुम्हाला फिकट, राखाडी वाटतो, म्हणून तुम्ही उबदारपणाचा स्लायडर उजवीकडं सरकवता. आता बरोबर रंग दाखवणाऱ्या मोबाईलवर तो चेहरा नारिंगी दिसतो, आणि मुळातच पिवळट असलेल्या मोबाईलवर हळद लावून बसवल्यासारखा. ज्याचा मोबाईल नेमका तुमच्या मॉनिटरइतकाच निळा आहे, त्या एकालाच तो ठीक दिसणार.

यातली दुसरी गोष्ट मेसेजवाल्यांच्या ध्यानातच येत नाही. माणूस आपल्या मोबाईलकडं दिवसभर बघत असतो, त्याच्या डोळ्याला त्या मोबाईलचा पांढरा हाच पांढरा वाटायला लागतो. त्यामुळं मोबाईलची स्वतःची थोडी चूक त्याला जाणवतच नाही. पण तुमच्या फाईलमधली चूक त्याला जाणवते, कारण फोटोच्या शेजारी ॲपची पांढरी पट्टी असते. पट्टी पांढरी आणि शर्ट पिवळट, हा फरक कुठल्याही मोबाईलवर उघडा पडतो.

ब्राइटनेसचंही तेच. नवा मॉनिटर खोक्यातून निघतो तेव्हा बहुतेक वेळा डोळे दिपतील इतका उजळ असतो. त्यावर नेव्ही ब्लू पँटची इस्त्रीची घडीसुद्धा स्पष्ट दिसते, म्हणून तुम्ही फोटो गडद ठेवता. दुसऱ्याच्या स्क्रीनवर ती पँट म्हणजे नुसता काळा ठोकळा, आणि चेहऱ्याची सावलीकडची बाजू बुडालेली. छापून आणलेला कॅटलॉग दर वेळी मॉनिटरपेक्षा काळपट येत असेल, तर छापखान्याशी भांडण्याआधी मॉनिटरचा ब्राइटनेस तपासा.

कॅलिब्रेशन हे काही जादूटोणा नाही. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून तापू द्यायचा. नाईट लाइट, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेस, हे सगळं बंद. मग स्क्रीनचा रंग मोजणारा कलरीमीटर स्क्रीनवर टेकवायचा आणि सॉफ्टवेअरमध्ये आपल्या पॅनेलच्या बॅकलाइटचा प्रकार निवडायचा. तो चुकीचा निवडला तर मापच चुकतं. उद्दिष्टं तीन: पांढरा बिंदू डी६५, गॅमा २.२, आणि उजेड दर चौरस मीटरला १०० ते १२० कँडेला. आधी मॉनिटरच्या बटणांनी लाल, हिरवा, निळा जवळपास जुळवून घ्यायचे, उरलेली दुरुस्ती सॉफ्टवेअर करतं आणि प्रोफाइल बनवतं. झाल्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची राखाडी पट्टी उघडून बघा. मध्येच कुठं गुलाबी किंवा हिरवट झाक दिसली तर काहीतरी राहून गेलंय. कलरीमीटर स्वस्त नाही, कबूल. पण ते रोज लागणारं यंत्र नाही, चार-पाच स्टुडिओंनी मिळून एक घेतलं तरी भागतं. तेही होईपर्यंत मॉनिटरच्या मेनूत `sRGB` मोड असेल तर तो लावा आणि ब्राइटनेस खाली आणा. अर्धं काम तिथंच होतं.

एक मर्यादा मात्र सांगून ठेवतो. स्वस्तातल्या लॅपटॉपचं पॅनेल गडद लाल दाखवूच शकत नाही, आणि कॅलिब्रेशन केल्यानं पॅनेलमध्ये नसलेला रंग येत नाही. तिथं मरून स्वेटर विटकरी दिसतो, माणूस सॅच्युरेशन वाढवत जातो, आणि चांगल्या मोबाईलवर तोच स्वेटर किंचाळायला लागतो. गणवेशाचं काम करणाऱ्यानं पूर्ण `sRGB` दाखवणारा मॉनिटर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ऑटो व्हाईट बॅलन्स. तो हुशार झालाय, पण तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा अंदाज बांधतो. चौकटीत मरून स्वेटर भरून आला की लाल उजेड जास्त आहे असं कॅमेरा धरू शकतो आणि फोटो थंड करतो. पुढच्या फ्रेममध्ये पांढरा शर्ट आणि भिंत जास्त आली की अंदाज बदलतो. एकच मुलगा, एकच शटर, आणि कॅटलॉगच्या समोरासमोरच्या दोन पानांवर दोन कातड्यांचा.

ग्रे कार्ड, म्हणजे तटस्थ राखाडी रंगाचं कार्ड, हा अंदाजच काढून टाकतं. मुलाला कार्ड छातीपाशी धरायला सांगा, पण स्वेटरला चिकटवून नको, नाहीतर मरूनची लाली त्यावर पडते. एक वीत पुढं धरू द्या. कार्डावर चकाकी दिसली तर जरासं तिरकं करा. फोटो रॉमध्ये काढा. एडिटिंगला बसल्यावर कार्डावर आयड्रॉपर मारा आणि तेच आकडे त्या उजेडातल्या सगळ्या फोटोंना लावा.

आकड्यांत सांगतो. क्लिक करण्याआधी कार्डावर लाल १३४, हिरवा ११८, निळा ९७ असं वाचन आलं, तर फोटो नारिंगीकडं झुकलाय. क्लिक केल्यावर तिन्ही आकडे सारखे झाले पाहिजेत. कार्ड १८ टक्के परावर्तनाचं असेल आणि एक्स्पोजर नेमकं असेल, तर `sRGB` मध्ये ते ११८ च्या आसपास येतात. तिन्ही सारखे आहेत पण ९० वर अडकलेत, म्हणजे रंग बरोबर, फोटो अंधारा. एका कार्डात दोन्ही तपासण्या होतात.

कार्ड एकाच उजेडाला उत्तर देतं, हे विसरू नका. शटरमधून दिवसाचा उजेड आणि वर ट्यूबलाइट, अशी खिचडी असेल तर चेहऱ्याची एक बाजू बरोबर होईल, दुसरी हिरवट राहील. ट्यूब बंद करा, प्रश्न मिटतो. ऊन सरकून समोरच्या रंगवलेल्या भिंतीवर पडलं आणि तिथून उजेड आत यायला लागला, की कार्डाचा फोटो पुन्हा काढायचा.

सगळ्यात घातक सल्ला पांढऱ्या शर्टचा. शर्टाच्या कापडात ऑप्टिकल ब्राइटनर असतो. तो अतिनील किरण शोषून घेतो आणि निळसर उजेड बाहेर टाकतो, म्हणून तर कापड ‘शुभ्र’ दिसतं. दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो ना, तो अंधारात शर्टावर धरा. शर्ट निळा चमकतो, कार्ड गप्प राहतं.

याचा परिणाम असा. शटरजवळ दिवसाच्या उजेडात, कार्डावरून दुरुस्त केलेल्या फोटोत शर्ट साधारण २२८, २३२, २४१ असा वाचला जातो. निळा जास्त आहे आणि तो खरोखरच तसा आहे. ती चूक नव्हे. तुम्ही शर्टावर क्लिक करता तेव्हा सॉफ्टवेअर ते जास्तीचं निळं अख्ख्या फोटोतून काढून घेतं. चेहऱ्यात निळं मुळातच सगळ्यात कमी असतं, तिथून आणखी गेलं की कातडी पिवळी पडते. तोच शर्ट आत एलईडी ट्यूबखाली नेला की अतिनील जवळजवळ नाही, ब्राइटनर झोपलेला, आणि त्याच शर्टावरचं क्लिक वेगळं उत्तर देतं. कार्ड सापडत नाही म्हणून झेरॉक्सचा कागद धरणाऱ्यांनाही हेच लागू. त्यातही ब्राइटनर असतो. कार्ड घेतानाही व्हाईट बॅलन्ससाठीचं म्हणूनच घ्या. फक्त एक्स्पोजरसाठी छापलेली काही कार्डं रंगाला तटस्थ नसतात.

मोबाईलवर बघण्याला माझी हरकत नाही, पण तो निकाल धरू नका. बऱ्याच मोबाईलमध्ये डिस्प्ले ‘विविड’वर असतो, संध्याकाळी डोळ्यांच्या आरामाचा पिवळा पडदा आपोआप चढतो. बघायचंच तर डिस्प्ले ‘नॅचरल’वर आणा, पिवळा पडदा काढा, आणि फाईल `sRGB` मध्ये, प्रोफाइल जोडून पाठवा. ॲडोबी आरजीबीमधली फाईल प्रोफाइलशिवाय गेली तर चेहरे मेल्यासारखे फिके दिसतात, आणि दोष बिचाऱ्या मोबाईलवर जातो.

एवढं सगळं करूनही नेव्ही ब्लू पँट कधीकधी जांभळट येते. कॅमेऱ्याचा सेन्सर काही रंगद्रव्यं आपल्या डोळ्यासारखी बघत नाही, आणि पॉलिस्टरच्या गडद कापडात हे जास्त जाणवतं. कार्ड यात काही करू शकत नाही. अशा वेळी कारखानदार कापडाचं कटिंग घेऊन येतो आणि ट्यूबखाली थेट स्क्रीनला लावून म्हणतो, “बघा, जुळतंय का?” तिथं जुळवू नका. “साहेब, जरा खिडकीपाशी चला,” म्हणायचं. कटिंग खिडकीच्या उजेडात, उन्हात नव्हे, आणि मॉनिटर शेजारी, खिडकीचा उजेड स्क्रीनवर पडणार नाही असा. मग फक्त निळ्या-जांभळ्याचा ह्यू स्लायडर हलवून पँट कटिंगपर्यंत आणायची; चेहऱ्याला धक्का लागत नाही. मरून स्वेटरला मात्र ही युक्ती अशीच लावू नका. लाल-नारिंगीचा स्लायडर हलला की ओठ आणि गाल त्याच्याबरोबर सरकतात, तेव्हा तिथं आधी स्वेटरपुरता मास्क काढायचा.