मेन बंद केलं म्हणजे टीव्ही वाचला, असं नाही

"घरात एमसीबी आणि नीट अर्थिंग असेल तर विजेने काही जळत नाही. विजा कडाडायला लागल्या की मेन बंद करा, बास. बिल्डिंगवर अरेस्टर असेल तर तेवढंही नको. सगळ्या ग्रुपवर पाठवा." असा एक मेसेज फिरतोय, आणि तो चुकीचा आहे.

एमसीबी आहे ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटसाठी. ती पडायला काही मिलिसेकंद लागतात, आणि विजेचा झटका मायक्रोसेकंदांत येऊन गेलेला असतो. तो रोखणं तिचं कामच नाही.

मेन बंद करण्याचा सल्ला सर्वांत फसवा. वळवाच्या पावसात आमच्या शेजाऱ्यांनी मेन पाडलं, तरी टीव्ही गेला. उघडून पाहिलं तर पॉवर सप्लाय धड होता, काळा पडला होता एचडीएमआयचा भाग. झटका डिशच्या केबलमधून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तिथून टीव्हीत शिरला होता. अनेक घरांत मेन म्हणजे एक सिंगल पोल एमसीबी असते. ती फक्त फेज तोडते. न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात, म्हणजे झटक्याला बाहेर पडायला वाट तयार. म्हणून प्लग उपसायचा आणि डिशची केबलही काढायची. ब्रॉडबँड तांब्याच्या तारेने येत असेल तर राउटरची वायरसुद्धा. फायबरमधून झटका येत नाही, पण राउटरच्या अ‍ॅडॉप्टरमधून येतो. हे सगळं ढग दाटून आले की करायचं. गडगडाट सुरू झाल्यावर प्लगला आणि केबलला हात लावू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी काही जोडू नका.

छतावरचा अरेस्टर इमारत वाचवतो. लांबच्या खांबावर वीज पडली आणि झटका लाइनमधून आला, तर तो काहीच करू शकत नाही. त्यासाठी डीबीत, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीत, एसपीडी हा झटक्यापासून वाचवणारा भाग लागतो, घरगुती डीबीत बहुधा टाइप २. तो जादा व्होल्टेज अर्थकडे वळवतो, म्हणून अर्थिंग हवंच, पण एकटं अर्थिंग पुरत नाही. जोडणी करताना एसपीडीच्या दोन्ही बाजूंच्या तारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवायला सांगा. वेगाने चढणाऱ्या झटक्यात मीटरभर तारेवरच हजारभर व्होल्ट उभे राहू शकतात, आणि ते उपकरणाच्या वाट्याला येतात.

डिशसाठी अर्थिंगचा वेगळा रॉड ठोकणं हीही नेहमीची चूक. जवळ वीज पडली की दोन अर्थमधल्या जमिनीचं व्होल्टेज वेगळं होतं, आणि तो फरक टीव्हीतून वाहतो. दोन्ही अर्थ जाड तारेने एकमेकांना जोडून घ्या. खड्ड्यातला अर्थ मे महिन्यात मीटरने मोजून घ्या, कारण माती तेव्हा सर्वांत कोरडी असते. पाच ओहमच्या आत असला तर उत्तम.

एसपीडीवरची छोटी खिडकी प्रत्येक वादळानंतर बघा. बहुतेक मॉडेलांत ती हिरव्याची लाल झाली की आतला भाग संपलेला असतो. घरातली वीज मात्र चालूच राहते, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही.