दहा मिनिटांचं घड्याळ आणि सोळा हजारांचा पगार

आज डोकं फिरलंय. शेजारचं लेकरू लातूरला खाजगी नोकरी करतं, पगार सोळा हजार. सुट्टीला गावाकडं आलं ते मनगटावर नवं स्मार्टवॉच मिरवत. "काका, 5,999 चं 2,499 ला पडलं. सातच मिनिटं राहिली होती, नायतर गेलं असतं." रात्री पावणेबाराला घेतलं म्हणे. आत्ता तेच अ‍ॅप उघडून बघितलं. तेच घड्याळ, तीच किंमत, आणि टायमर परत दहा मिनिटांपासून सुरू!

अशी खोटी घाई लावणं आपल्याकडं ग्राहक संरक्षणाच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालत नाही. तरी चालू आहे. ओळखायचं असेल तर अ‍ॅप बंद करा, अर्ध्या तासानं उघडा. टायमर नव्यानं मोजायला लागला की समजायचं.

काही घ्यायच्या आधी चोवीस तास थांबायचा नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण पाळायची पद्धत चुकते. लोक वस्तू कार्टमध्ये टाकून ठेवतात आणि म्हणतात, थांबलो. अरे, कार्टात टाकली की अ‍ॅप दिवसभर टोचणी लावतं, "तुमची वस्तू संपत आलीय". ते थांबणं नव्हे. कागदावर लिहा: वस्तू, डिलिव्हरीसकट किंमत, लिहिल्याची वेळ, आणि सध्या हे काम कशावर भागतंय. या पोराच्या बाबतीत शेवटच्या रकान्यात "मोबाइलवर" एवढंच आलं असतं. त्या अ‍ॅपच्या सूचना बंद करा आणि साठवलेलं कार्ड काढून टाका. उठून पाकीट शोधावं लागलं की निम्मी हौस तिथंच फिटते.

अजून एक. रात्री पावणेबाराला लिहिलं तर दुसऱ्या रात्री पावणेबाराला ठरवायचं नाही. तेव्हाही माणूस तेवढाच थकलेला असतो. चोवीस तास झाले की पुढच्या सकाळी, चहा झाल्यावर बघायचं.

हा नियम प्रत्येक खरेदीला लावू नका, चार दिवसांत कंटाळून सोडाल. एका दिवसाच्या कमाईच्या वरच्या वस्तूलाच लावा. सोळा हजाराला सव्वीस दिवसांनी भागलं की सहाशेच्या आसपास येतात. औषध, गॅस, जळालेली मोटर याला थांबायचं नाही. हप्त्यावर घेत असाल तर हप्ता नाही, पूर्ण किंमत लिहा. "नो कॉस्ट" म्हणत असतील तरी प्रोसेसिंग फी बघा. समजा 199 असेल, तर 18 टक्के जीएसटी धरून 235 झाले. 2,499 च्या वस्तूवर हे नऊ टक्क्यांहून जास्त.

हो, कधी खरीच सूट असते आणि ती हुकते. हुकू द्या.

सहाशेच्या खालचा खर्च मात्र चोवीस तासांच्या जाळ्यातून निसटतो. त्याला आठवड्याचा हिशोब. आठवडी बाजाराचा दिवस धरा, तसेही त्या दिवशी पैसे मोजले जातात. वीस मिनिटं पुरतात. नुसतं पासबुक बघून भागत नाही, कारण यूपीआय लाइटनं दिलेले चहा-नाष्ट्याचे पैसे तिथं एकेक दिसत नाहीत, फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम दिसते. त्यामुळे अ‍ॅपमधला इतिहासच उघडायचा. प्रत्येक ओळीपुढं खूण करा: लागणारं, ठरवून घेतलेलं, हात सुटला. तिसऱ्या खुणेची बेरीज करा आणि पुढच्या आठवड्यासाठी एकच गोष्ट ठरवा. पाच ठरवल्या की एकही होत नाही.

आता त्या पोराचा हिशोब. खोली 3,500, मेस 3,000, घरी 5,000, पेट्रोल-रिचार्ज 1,500. झाले तेरा हजार. उरले तीन, म्हणजे आठवड्याला साडेसातशे. हा आकडा माहीत असता तर 5,999 शी तुलना केलीच नसती. 2,499 म्हणजे तीन आठवड्यांहून जास्तीचा हातखर्च आहे. त्याच्यावर राग येत नाही खरं तर. दर महिन्याला पाच हजार घरी देतंय, न मागता. एवढ्या कमी वयात कोण देतं राव? बाजाराच्या दिवशी नवरा-बायको किंवा बाप-लेक सोबत बसणार असाल तर एक पाळा: मागच्या खर्चावर बोलणी खायला घालायची नाहीत. नाहीतर पुढच्या वेळी पोरगं फोनच दाखवत नाही.

शेतकऱ्याला आठवड्याचा साडेसातशेचा आकडा लागू नाही, हे मान्य. सोयाबीनचे पैसे एकदमच येतात, आणि त्याच आठवड्यात टीव्ही, गाडी सगळं स्वस्त वाटायला लागतं. तिथं चोवीस तास कमीच पडतात. आधी कृषी केंद्राची उधारी, पीककर्ज आणि रब्बीचं बियाणं-खत बाजूला काढा. मोठी वस्तू कागदावर लिहून ठेवा आणि उधारीची पावती हातात आल्यावरच चोवीस तास मोजायला सुरुवात करा.