‘नक्की का?’ विचारल्याने उत्तर खरं होत नाही

‘एआयला कुणाची भीड नाही, म्हणून ते खोटी स्तुती करत नाही. उत्तरावर शंका आली तर फक्त “नक्की का?” विचारा. चुकलं असेल तर ते स्वतः माफी मागून सुधारतं. शेवटी जे उत्तर राहतं ते १०० टक्के खरं. फारच वाटलं तर आधी लिहा, “गोड बोलू नकोस, खरं सांग.” सर्वांना पाठवा.’

हा मेसेज मला तीन ग्रुपवर आला आणि तिन्ही वेळा मी सोडून दिला. चौथ्यांदा तो मामांनी पाठवला. सोबत स्क्रीनशॉट होता आणि खाली लिहिलं होतं, ‘बघ, मीच बरोबर निघालो.’ तो स्क्रीनशॉट वाचल्यावर मात्र गप्प बसणं जमेना.

मामांची पिठाची गिरणी आहे. नव्या यंत्रासाठी त्यांना तीन लाखांचं कर्ज हवंय, तीन वर्षांसाठी. बँक १४ टक्के म्हणते, दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर व्याज. एक खाजगी वित्तसंस्था १० टक्के म्हणते, पण ‘फ्लॅट’. मामांनी चॅटबॉटला विचारलं, स्वस्त कुठलं? त्याने बँकेचं सांगितलं, आणि ते अगदी बरोबर होतं. मामांना पटलं नाही. त्यांनी लिहिलं, ‘नक्की का? मी तीस वर्षं हिशेब करतोय, १० हे १४ पेक्षा कमीच.’ लगेच माफी आली, मामांच्या अनुभवाचं कौतुक आलं आणि उत्तर उलटलं. मेसेजच्या नियमाने हे शेवटचं उत्तर, म्हणजे १०० टक्के खरं!

आता हिशेब मांडू. फ्लॅट १० टक्के म्हणजे वर्षाला ३० हजार, तीन वर्षांचे ९० हजार. एकूण ३ लाख ९० हजार, भागिले ३६, हप्ता १०,८३३ रुपये. बँकेचा १४ टक्क्यांचा हप्ता येतो सुमारे १०,२५३. महिन्याला ५८० रुपयांचा फरक, तीन वर्षांत जवळजवळ २१ हजार. कारण सोपं आहे. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, तरी फ्लॅट व्याज पूर्ण तीन लाखांवरच लागत राहतं. छत्तिसाव्या महिन्यात मामांकडे जेमतेम दहा हजार उरलेले असतील आणि व्याज मात्र पहिल्या महिन्याएवढंच, २,५०० रुपये. बँकेच्या पद्धतीने मोजलं तर तो १० टक्के दर १८ च्या आसपास जातो.

मी फोन केला तर मामा म्हणाले, ‘अगं, त्याने स्वतःच चूक कबूल केली ना!’ सगळी गोम इथेच आहे. चूक कबूल करणं हा चूक झाल्याचा पुरावा नाही. मामांनी नवं काहीच सांगितलं नव्हतं. ना वेगळा आकडा, ना वेगळी अट. फक्त नाराजी सांगितली, आणि नाराजीवर उत्तर फिरलं.

हे एका मामांच्या फोनपुरतं नाही. अँथ्रॉपिक या चॅटबॉट बनवणाऱ्याच कंपनीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये पाच चॅटबॉट तपासले, त्यांत स्वतःचेही होते. उत्तर आल्यावर ते एवढंच म्हणायचे: मला हे बरोबर वाटत नाही, नक्की का? बरोबर उत्तरं दिलेली असतानाही चॅटबॉट माफी मागून ती बदलत होते. कंपनीच्या स्वतःच्या त्या वेळच्या एका आवृत्तीने तर ९८ टक्के प्रश्नांवर नसलेली चूक कबूल केली. ज्या वाक्याने खरेखोटेपणा तपासा म्हणून मेसेज सांगतो, नेमक्या त्याच वाक्याने बरोबर उत्तर मोडतं. त्यानंतरच्या आवृत्त्या पुष्कळ सुधारल्या आहेत हे मान्य. मामांचा स्क्रीनशॉट गेल्या आठवड्यातला आहे, हेही तेवढंच खरं.

भीड नसल्याचं म्हणाल, तर यंत्राला लाजलज्जा नसते हे खरंच. पण ते शिकतं कसं ते बघा. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं माणसांपुढे ठेवतात, जास्त आवडलेलं निवडायला सांगतात आणि त्या निवडीवरून त्याला वळण लावतात. आता आपल्या मताशी जुळणारं उत्तर कुणाला आवडत नाही? त्याच अभ्यासात दिसलं की वाचणाऱ्याच्या मताशी जुळणं हा उत्तर निवडलं जाण्यातला एक मोठा भाग असतो. यंत्र होकार शिकलं ते आपल्याकडूनच. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीमध्ये एक बदल केला आणि ते इतकं हाजी हाजी करू लागलं की काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. कंपनीने नंतर दिलेल्या कारणांत एक हेही होतं: वापरणाऱ्यांनी दिलेल्या अंगठा वर, अंगठा खाली या खुणांना शिकवताना नव्याने वजन दिलं होतं.

मेसेजमध्ये अर्धी गोष्ट खरी आहे, तीही सांगते. पुन्हा विचारल्यावर चॅटबॉट कधी कधी खरोखरच चूक सुधारतो, विशेषतः लांबलचक आकडेमोडीत. पण सुधारणा आणि शरणागती वेगळी ओळखता येते. सुधारणेत नेमकी कुठली पायरी चुकली ते येतं आणि ती पायरी आपण कागदावर तपासू शकतो. शरणागतीत माफी येते, कौतुक येतं आणि निष्कर्ष बदलतो. मामांच्या स्क्रीनशॉटमध्ये बदललेल्या उत्तराखाली एकही हप्ता काढलेला नव्हता.

‘गोड बोलू नकोस’ लिहिण्याने मुख्यतः सूर बदलतो. कौतुक कमी होतं, पण तुमचं मत समोर दिसत असेल तर त्याकडे झुकणं उरू शकतं. कधी उलटही होतं, टीका मागितली म्हणून बरोबर गोष्टीतही खोट काढली जाते. उपाय दुसरीकडे आहे: आपलं मत त्याला कळूच द्यायचं नाही. ‘मला वाटतं’, ‘माझा अनुभव’, ‘बरोबर ना?’ हे सगळं गाळायचं. वाद सुरू झाला की त्याच संभाषणात पुढे ओढत बसायचं नाही, नवं उघडायचं, कारण आधीची नाराजी त्याच्यासमोर तशीच पडलेली असते. आणि कौल मागण्याऐवजी आकडा मागायचा.

मामांसाठी मी नव्या संभाषणात एवढंच लिहिलं: ‘कर्ज अ: ३ लाख, ३६ महिने, १० टक्के फ्लॅट. कर्ज ब: ३ लाख, ३६ महिने, १४ टक्के, उरलेल्या मुद्दलावर. दोन्हींचा मासिक हप्ता आणि एकूण परतफेड पायरीपायरीने काढ.’ मामांना कुठलं आवडतं याचा मागमूस नाही. हप्ते वर दिलेलेच आले. मग दुसऱ्या नव्या संभाषणात मुद्दाम उलट बाजूने विचारलं, मला ब महाग वाटतंय म्हणून. तेव्हाही हप्ते बदलले नाहीत. बदलले असते तर दोन्ही उत्तरं बाजूला ठेवली असती.

तरीसुद्धा सही करण्यापूर्वी यावर थांबायचं नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँका आणि बिगर बँक वित्तसंस्थांना अशा कर्जासाठी मुख्य तथ्य विवरण द्यावं लागतं. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर छापलेला असतो, आणि तो कागद कुणाच्या नाराजीने बदलत नाही. मामांनी काल त्या खाजगी संस्थेकडे तो मागितला. ‘साहेब सोमवारी येतील तेव्हा बघू’ असं उत्तर मिळालंय. बँकेने त्याच दिवशी दिला.